दक्षिणेची बाल्कनी, डिसेंबरात लावून घेतलेली भाजी आणि रुसलेले टोमॅटो: बागसेवा चालू ठेवू की बंद करू?

अनघा_ज | २३ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दक्षिणेला १२ बाय ४ फुटांची बाल्कनी आहे, वर चौथ्या मजल्याची तेवढीच बाल्कनी. कठडा लोखंडी गजांचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका बागसेवेकडून भाजीची बाग लावून घेतली. पंधरा इंची १० ग्रो-बॅगा, कोकोपीट आणि गांडूळखताचं मिश्रण, रोपं, वेलासाठी जाळी, सगळं मिळून ११ हजार. वर देखभालीचे महिना १,२००, त्यात माळीदादांच्या दोन फेऱ्या. त्यांनी पिशव्या आतल्या भिंतीलगत लावल्या आहेत.

फेब्रुवारीपर्यंत घरात नुसता उत्सव होता. मेथी दोनदा काढली, मिरच्या विकत आणाव्या लागल्या नाहीत, फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटोही लाल व्हायला लागले. सगळे मिळून दीडेक किलो निघाले असतील. मार्चच्या मध्यापासून मात्र घसरण. टोमॅटोला फुलं येतात आणि देठापाशी पिवळी पडून गळतात. वांग्याला तर फूलच नाही. झाडं काटकुळी, उंच, आणि सगळी कठड्याकडे वाकलेली, जणू खाली कोण आलंय ते बघतायत. खालची पानं पिवळी. पिशवीच्या वरच्या थरावर पांढरट पापुद्रा धरलाय.

माळीदादा दर फेरीला नवीन काहीतरी फवारतात आणि त्याचं बिल वेगळं. मागच्या वेळी ३५० चं "फ्लॉवर बूस्टर" झालं. यजमान म्हणतात, एवढ्या पैशात मंडईतून वर्षभराची भाजी आली असती. सेवा बदलू, बंद करू, की माझंच काही चुकतंय?

गच्चीवरचा बंड्या | २३ एप्रिल, रात्री १०:१२

ताई, हे उन्हाने झालंय. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ३८-४० पर्यंत पारा जातो, टोमॅटोची फुलं टिकतच नाहीत. सरळ ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा आणि दोन वेळा पाणी घाला. मी बिबवेवाडीला गच्चीवर दर मार्चला लावतो, मे महिन्यातही वांगी मिळतात. फवारणीबिवारणी सगळी लूट आहे.

ठाणेकर_काकू | २३ एप्रिल, रात्री १०:३०

अगं, तुला निदान फुलं तरी दिसतात. आमच्याकडे कबुतरं कोवळे शेंडे खुडून नेतात आणि पिशवीतच अंडी घालतात. मी सेवा घेतली होती, तर तो मुलगा म्हणाला, "काकू, पक्षी आमच्या करारात नाहीत." शेवटी बाल्कनीला जाळी मारली तीच ९ हजारांची झाली. करारात आधी कबुतरं लिहून घे!

बागुलबुवा | २४ एप्रिल, सकाळी ६:५०

अनघाताई, उत्तर देण्याआधी एक काम सांगतो. आज दुपारी बरोबर साडेबाराला बाल्कनीत जा आणि फरशीवर ऊन कठड्यापासून किती आत येतं तिथे खडूने रेघ मारा. पुण्यात सूर्य माथ्यावर बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास येतो. शिवाय डिसेंबरमधला एखादा बागेचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर त्यात ऊन कुठवर आलंय तेही बघा.

बंड्याभाऊ, त्या शेडनेटचं जरा थांबवा. तुमची उघडी गच्ची आणि ही डोक्यावर छप्पर असलेली बाल्कनी, यांचं दुखणं अगदी उलटं असायची शक्यता आहे.

अनघा_ज | २४ एप्रिल, दुपारी १:१५

मारली रेघ. कठड्यापासून जेमतेम एक फूट! आणि तेही जमिनीवर. पिशव्या तर मागे भिंतीला, त्यांच्यावर ऊन नाहीच.

डिसेंबरचा फोटो सापडला. लेकीचा अभ्यास करतानाचा आहे, दुपारचा. त्यात ऊन बाल्कनी ओलांडून हॉलमध्ये दिवाणाच्या पायापर्यंत आलंय, म्हणजे दारापासून आत आणखी चार-साडेचार फूट. मी रोज इथे वावरते, पण हे कधी लक्षातच आलं नाही. मी समजत होते की उन्हाळ्यात ऊन जास्त, म्हणजे बाल्कनीतही जास्तच येणार.

बागुलबुवा | २४ एप्रिल, दुपारी ४:०५

हीच समजूत सगळ्यांची असते, आणि बाग लावून देणाऱ्यांचीही.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पुण्यात भर दुपारीही तो ५० अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे वरच्या बाल्कनीच्या खालून तिरपा आत घुसतो. सकाळी आणि संध्याकाळी तर आणखी आत. मग तो उत्तरेकडे सरकू लागतो. २१ मार्चला दुपारी ७१ अंशांच्या वर, आज ८४. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात तो थेट माथ्यावर येतो, त्या दिवशी तुमची सावली तुमच्याच पायाखाली. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन शून्य.

आणखी एक गोम आहे. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या डावीकडून, उत्तरेच्या अंगाने उगवतो आणि तसाच मावळतो. त्यामुळे एप्रिलनंतर तुमच्याकडे दुपारी साडेबाराला जे फूटभर ऊन दिसतं तेच दिवसातलं सर्वात जास्त. सकाळी दहाला किंवा दुपारी तीनला त्याहूनही कमी.

तुमच्या मजल्याची उंची साडेनऊ फूट धरली तर चार फूट आतल्या भिंतीलगतच्या झाडांना नीट ऊन साधारण दसऱ्याच्या सुमारास मिळायला लागतं आणि होळीच्या आसपास संपतं. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज सहा तासांचं ऊन लागतं. तुमचे टोमॅटो लागले डिसेंबरात, लाल झाले फेब्रुवारीअखेर, आणि दोन आठवड्यांत ऊन गेलं. झाडं कठड्याकडे वाकली ती उजेड शोधायला. बंड्याभाऊंचं उष्णतेचं म्हणणं खोटं नाही, दिवसा पस्तिशीच्या वर पारा गेला की टोमॅटोचं परागीभवन बिघडतं. पण इथे शेडनेट लावली तर उरलासुरला उजेडही जाईल.

गच्चीवरचा बंड्या | २४ एप्रिल, संध्या. ७:२२

बागुलबुवा, मान्य. माझी गच्ची पूर्ण उघडी आहे, डोक्यावर स्लॅब नाही, हे लिहायला हवं होतं. पण पिवळ्या पानांचं काय? ऊन कमी पडलं तर पानं पिवळी कशाला होतील? तिथे मी अजून पाण्यावरच अडलोय.

नुसताच वाचक | २४ एप्रिल, रात्री ८:०१

छान धागा. आमच्या हॉलमधला मनीप्लांट पण असाच एका बाजूला वाकतो. त्याला महिन्यातून एकदा बघायला कोणी माळी मिळेल का कोथरूडमध्ये?

अनघा_ज | २४ एप्रिल, रात्री ८:१०

@नुसताच वाचक, कुंडी आठवड्याला अर्धी फिरवा, १,२०० वाचतील. :)

रोपवाला | २५ एप्रिल, सकाळी ११:३०

मी स्वतः हाच धंदा करतो, पिंपरी-चिंचवडला. अनघाताईंकडे गेलेले आम्ही नव्हे, हे आधीच सांगतो. पण आतली बाजू कोणी तरी लिहायला हवी.

आमच्या कामांची गर्दी गणपतीनंतर सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. म्हणजे आम्ही घरं बघतो तीच मुळी ऊन आत आलेल्या दिवसांत. ग्राहक म्हणतो "बघा, किती छान ऊन आहे", आणि आम्हीही मान डोलावतो. मी पहिली दोन वर्षं हीच चूक केली. आता दिशा, वरच्या स्लॅबची उंची आणि बाल्कनीची खोली लिहून घेतो. दक्षिणेची, वर स्लॅब असलेली बाल्कनी असेल तर सरळ सांगतो की फळभाजी फक्त थंडीत. त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं जातात, हेही खरं.

पानांबद्दल. कोकोपीट आम्ही वापरतो त्याचं मोठं कारण वजन. पाच किलोची वीट भिजवली की ७०-७५ लिटर होते, एक माणूस खांद्यावर चार मजले नेतो. मातीची पोती तशी नेता येत नाहीत. पण कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काही नसतं. जे असतं ते गांडूळखतात, आणि ते दोन-तीन महिन्यांत टोमॅटोसारखं खादाड झाड संपवतं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतायत म्हणजे नत्र कमी पडतंय. ऊन कमी झाल्यावर झाड पाणीही कमी पितं, आणि तुम्ही घालताय मात्र फेब्रुवारीएवढंच. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही.

बूस्टरबद्दल काय बोलू. फूल गळायचं कारण अन्नात नसेल तर बाटलीतून ते येणार नाही. पण माळी पंधरा दिवसांनी येतो आणि काहीच न करता गेला तर ताईच विचारतात, "आज काय केलं?" मग तो काहीतरी फवारतो. हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित.

अनघा_ज | २५ एप्रिल, दुपारी ३:४५

बोट घातलं. वर भुसा, आत लदलद! दोन पिशव्यांत तर आंबूस वास येतोय आणि बारीक काळ्या माश्या उडाल्या. मीच रोज सकाळी तांब्याभर घालत होते, माळीदादा कधी म्हणाले नाहीत की कमी करा. (विचारलंही नाही मी, खरं सांगायचं तर.)

मग तो पांढरा पापुद्रा?

बागुलबुवा | २५ एप्रिल, संध्या. ६:३०

मार्चपासून सोसायटीत पाणी कुठलं येतं?

अनघा_ज | २५ एप्रिल, संध्या. ६:४१

वापरायच्या नळाला मार्चपासून बोअरचं. पालिकेचं फक्त स्वयंपाकघरात.

बागुलबुवा | २५ एप्रिल, रात्री ९:००

झालं तर मग. खडकवासल्याचं पाणी मऊ, बोअरचं जड. तुमच्या बादलीला जो पांढरा थर बसतो तोच पिशवीवर बसला. स्वस्त, न धुतलेलं कोकोपीट असेल तर त्याचे स्वतःचेही क्षार असतात, पण ते सुरुवातीलाच त्रास देतात. तुमचं पहिले तीन महिने छान चाललं, म्हणून मी पाण्यावर बोट ठेवतोय.

पापुद्रा वरचा इंचभर खरवडून टाका. पिशव्या आधी वाळू द्या. मग एकदाच, पालिकेचं पाणी प्रत्येक पिशवीतून हळूहळू इतकं सोडा की खालून भरपूर निथळेल. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी गोळा करा, झाडांना तेच घाला, बोअरचं नको.

चौथा मजला | २५ एप्रिल, रात्री ९:३५

"खालून भरपूर निथळेल" हे वाचून लिहायलाच आलो. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि हे निथळलेलं तांबडं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं, त्याच्या तक्रारी मी ऐकतो. बागसेवावाले पिशव्या लावून जातात, ताटल्या देत नाहीत. ताटल्या दिल्या तर पावसाळ्यात त्यात डास होतात आणि पालिकेचे लोक तपासणीला आले की आमच्या डोक्यावर. आमच्याकडे आता नियम आहे: कठड्याच्या बाहेर किंवा कठड्यावर एकही कुंडी नाही, आणि पिशव्या विटांवर. ताटल्या रोज ओतून रिकाम्या करायच्या.

अनघा_ज | २५ एप्रिल, रात्री ९:५०

पिशव्या एकेक करून बाथरूममध्ये नेऊन धुवेन. खाली जोशीकाकू राहतात, त्यांच्याशी वैर परवडणार नाही.

दुसरा प्रश्न. ऊन कठड्यापाशी फूटभर तरी येतंय ना? मग पिशव्या सगळ्या कठड्याला लावल्या तर?

स्लॅबसाहेब | २६ एप्रिल, सकाळी ८:१५

सिव्हिल इंजिनिअर आहे, म्हणून मध्ये पडतो. पंधरा इंची पिशवीत ३५-३७ लिटर मिश्रण बसतं आणि कोकोपीट भिजलं की लिटरला किलोभर वजन धरा. म्हणजे पिशवी ३५ ते ४० किलो, दहा पिशव्या जवळपास ४०० किलो. तेवढ्याच पिशव्यांत लाल माती भरली असती तर ६०० च्या वर गेलं असतं.

घरांच्या बाल्कनीसाठी आपल्या मानकात चौरस मीटरला ३०० किलो भार धरून आराखडा करतात. तुमची बाल्कनी साडेचार चौरस मीटरच्या आत-बाहेर. कागदावर ४०० किलोला भरपूर जागा आहे. पण बाल्कनी भिंतीतून बाहेर काढलेला हात असते. तोच भार हाताच्या टोकाला टांगला तर खांद्यावर ताण किती वाढतो ते भरलेली पिशवी हात लांब करून धरून बघा. माळ्याने पिशव्या भिंतीलगत लावल्या ते स्लॅबच्या दृष्टीने बरोबरच केलं. इमारत जुनी असेल, बाल्कनीच्या खालच्या बाजूला तडे किंवा गंजाचे डाग असतील, तर एकही पिशवी कठड्याला नको.

बागुलबुवा | २६ एप्रिल, सकाळी ९:०२

म्हणजे ऊन एका टोकाला आणि ताकद दुसऱ्या. साहेब, १२ इंची पिशव्या, २० लिटरच्या, तीन-चारच कठड्याला ठेवल्या तर?

स्लॅबसाहेब | २६ एप्रिल, सकाळी ९:४०

नव्या, सुस्थितीतल्या इमारतीत ७०-८० किलोला मी हरकत घेणार नाही. एक माणूस कठड्याशी उभा राहतो तेवढंच ते. पण न बघता "चालेल" असं कुठल्याच बाल्कनीला लिहून देणार नाही.

उत्तरमुखी | २६ एप्रिल, दुपारी १२:२०

माझी बाल्कनी उत्तरेला, नाशिकला. इतकी वर्षं रडत होतो की ऊनच नाही. हे वाचून आत्ता लक्षात आलं की एप्रिलपासून सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन येतं! मग मी उन्हाळ्यात टोमॅटो लावू का?

बागुलबुवा | २६ एप्रिल, दुपारी २:१०

सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास झाले तर पालेभाजी, चवळी बघा. टोमॅटोचं मी सांगू शकत नाही. जूनच्या मध्यापासून ढग येतात आणि तुमचं ऊन नेमकं तेव्हाच जोरात असतं. कोणी उत्तरेच्या बाल्कनीत करून पाहिलं असेल तर लिहा.

अनघाताई, आता तुमचा मूळ प्रश्न. टोमॅटो-वांगी उपटा, त्यांच्यात जीव घालू नका. मिरची थोडी छाटून कठड्याला एक पिशवी ठेवा. बाकीच्या पिशव्यांत अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीचे डोळे फुटलेले कंद दोन इंच खोल लावा, दोन पिशव्यांत अळू, एकीत पुदिना. हळद, आलं, अळू या सावलीत निभावणाऱ्या गोष्टी आहेत आणि पावसाळ्यात त्या बाल्कनी भरून टाकतात. लावताना जुनं मिश्रण ओतून त्यात तिसरा हिस्सा नवं कंपोस्ट आणि प्रत्येक पिशवीला मूठभर निंबोळी पेंड घाला. गणपतीच्या सुमारास टोमॅटोचं बी कुठे तरी उघड्यावर टाका, गच्ची चालेल, आणि दसऱ्याला रोपं पिशवीत. मग डिसेंबरात फळ आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत तोडणी, म्हणजे सगळं ऊन कामी येतं.

रोपवाला | २६ एप्रिल, संध्या. ५:३०

आणि सेवेचं. मे ते ऑगस्ट त्या बाल्कनीत पंधरा दिवसांनी करण्यासारखं काम नाही. त्यांच्याकडे महिन्यातून एकच फेरी मागा, अर्ध्या दरात. आमचा माळी दिवसाला सहा घरं करतो, एका घरात पाऊण तास, बाकी वेळ रस्त्यात. त्यामुळे अगदी अर्धं कोणी करणार नाही, ७००-८०० म्हणतील. सप्टेंबर ते मार्च दोन फेऱ्या. फवारणी करायचीच असेल तर आधी फोटो पाठवून कीड दाखवा, मग बाटली उघडा, असं सांगून ठेवा. "रोप मेलं तर तीन महिन्यांत बदलून" या हमीला भुलू नका. एप्रिलमध्ये टोमॅटोचं रोप बदलून दिलं तरी तेही मरणारच आहे.

ठाणेकर_काकू | २६ एप्रिल, संध्या. ६:१५

आणि कबुतरं!!

अनघा_ज | २८ जून, सकाळी १०:३०

धागा वर काढतेय.

सेवावाल्यांना फोन केला. आधी म्हणाले, "मॅडम, साउथ फेसिंगला सगळ्यात जास्त ऊन असतं." मग त्यांना खडूच्या रेघेचा आणि डिसेंबरचा असे दोन फोटो पाठवले. दोन दिवसांनी त्यांच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. महिना ८०० ला एक फेरी ठरली, बूस्टरचे पैसे काही परत दिले नाहीत.

पिशव्या धुतल्या. एका पिशवीला बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी आणि माझी कंबर. दोन पिशव्यांतली मुळं तपकिरी, बोटाने ओढली तर साल हातात यायची, त्या फेकल्या. आठच ठेवल्या. चारांत हळद, दोनांत अळू, एकीत पुदिना, एक मिरची कठड्याला. अक्षय्य तृतीया हुकली, हळद मेच्या शेवटी लागली, पण आता वीतभर पानं आली आहेत. अळू तर असं माजलंय की परवा वड्या केल्या आणि जोशीकाकूंना अर्ध्या दिल्या. त्यांनी चादरींचा विषय काढला नाही.

२१ जूनला साडेबाराला परत खडू घेऊन गेले होते. आभाळ मध्येच फाटलं. बाल्कनीत ऊन कुठेच नाही, आणि मागे स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत ओट्याच्या कडेला पट्टा पडला होता.

एक शंका. स्लॅबसाहेब, बाल्कनीच्या खालच्या बाजूला, म्हणजे जोशीकाकूंच्या छताला, एक बारीक तडा आहे. काकू म्हणतात, तो आम्ही राहायला यायच्या आधीपासून आहे. फोटो काढून ठेवलाय. मिरचीची पिशवी कठड्यावरून आत घेऊ का?

स्लॅबसाहेब | २८ जून, सकाळी ११:०५

आज घ्या. फोटो इथे टाका, आणि तड्याजवळ पेन्सिलने तारीख आणि लांबी लिहून ठेवायला काकूंना सांगा.